जॅक बुडाशीच हवा असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या पाइलच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबाच्या, भारचाचणीवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. भार देण्यासाठी माथ्यावर ठोकळ्यांचा डोंगर रचायची गरज नाही, पाइलच्या बुडाशी जॅक बसवला की झाले, असा त्याचा सूर आहे. यातला दुसरा भाग मला खटकला.

जॉर्ज ऑस्टरबर्ग यांनी 1980च्या दशकात पुढे आणलेल्या या पद्धतीत सळ्यांच्या पिंजऱ्यात जॅक जोडून मग काँक्रीट ओततात. काँक्रीट पक्के झाल्यावर दाब दिला की जॅकच्या वरचा भाग वर आणि खालचा भाग खाली ढकलला जातो. दोघे एकमेकांच्या आधाराने तपासले जातात, म्हणून 750 टनांचा जॅक जवळपास 1500 टनांची परीक्षा घेतो. मात्र एक बाजू हटली की चाचणी तिथेच थांबते.

एक उदाहरण घेऊ. पाइल 1200 मिमी व्यासाची, 30 मीटर लांब. अंदाजे बाजूचे घर्षण 900 टन, बुडाचा आधार 600 टन, आणि पाण्यातले पाइलचे वजन 50 टन. जॅक अगदी बुडाशी ठेवला तर 600 टनांवर बूड खचेल. तोवर वरच्या भागाने वजन वजा जाता 550 टनच घर्षण दिलेले असेल. उरलेले 350 टन कागदावरच राहिले! तोच जॅक थोडा वर, म्हणजे खाली 200 टन घर्षण उरेल अशा जागी बसवला, तर खाली 800 आणि वर वजनासह सुमारे 750 टन, असा तोल साधतो. ही जागा बोअरच्या, म्हणजे जमिनीत छिद्र घेऊन तपासलेल्या थरांच्या, नोंदींवरून काढावी लागते. खडकात बूड टेकले असेल तर बहुधा उलटे घडते: बाजू आधी सुटते आणि खडकाची ताकद कळतच नाही.

निकाल वाचतानाही जपावे लागते. दोन्ही बाजूंचे सारख्याच हालचालीचे भार बेरजेत घेऊन माथ्यावरच्या भाराचा आलेख तयार करतात. माथ्यावरून दाबलेली पाइल स्वतः जास्त आखडते. वरच्या उदाहरणात हा फरक पाच-सहा मिलिमीटर येतो. तो मिळवला नाही तर खचणे कमी दिसते.

पाण्यातले खांब, अरुंद जागा, हजारो टनांचे भार, अशा ठिकाणी ही चाचणी माथ्यावरच्या चाचणीची जागा खुशाल घेते. ओतून झालेल्या पाइलबद्दल मागाहून शंका आली, तर मात्र जॅक आत घालायला वाटच नसते. शिवाय माथ्याजवळच्या काँक्रीटवर यात जवळजवळ भार येतच नाही, त्यामुळे तिथला दोष सुटू शकतो. आणि हीच पाइल पुढे इमारतीखाली वापरायची असेल, तर जॅक आणि त्याभोवती उघडलेली फट ग्राउटने भरल्याची नोंद मागून घ्यावी.

आपला,
पायाच्या कामातील एक अभियंता