आरोग्यमंत्री महोदय, पिंपाला पिंपच म्हणू या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सादर नमस्कार.

मी गेली वीस वर्षं रेडिओसाठी मराठी जाहिराती लिहिते. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात डेंग्यूचं एक पत्रक वाटलं गेलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं:

‘समस्त नागरिकांना सूचित करण्यात येते की, डेंग्यू या कीटकजन्य आजाराच्या प्रतिबंधार्थ निवासी परिसरातील जलसाठे आच्छादित ठेवण्यात यावेत, परिसर स्वच्छ राखण्यात यावा व आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळण्यात यावा.’

शेजारच्या काकूंना मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, “यात काय करायला सांगितलंय?” त्या म्हणाल्या, “अंगण झाडून ठेवा म्हणतायत. आणि धरणाचं काहीतरी आहे.” कोरडा दिवस म्हटल्यावर त्यांना दारूची दुकानं बंद असतात तो दिवस आठवला. त्याच वेळी त्यांच्या मोरीत निळं पिंप उघडं होतं. बॅटरी मारून पाहिलं, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

काकू रोज पेपर वाचतात. म्हणूनच त्यांना धरण आठवलं, कारण ‘जलसाठा’ हा शब्द पेपरात धरणाच्या बातमीतच येतो. आपल्या मोरीतल्या पिंपाला जलसाठा म्हणत असतील, हे कुणाच्या मनात यावं? ‘परिसर स्वच्छ राखा’ यानं तर उलटंच होतं. माणसं गटार आणि कचराकुंडीकडे बघतात आणि डेंग्यूचा एडिस डास घरात साठवलेल्या नितळ पाण्यात वाढत राहतो.

संस्कृत शब्दांशी माझं भांडण नाही. सावरकरांनी दिलेले दिनांक, क्रमांक, महापौर आज कुणाला जड वाटत नाहीत, कारण ते रोजच्या तोंडात बसले. माझी तक्रार ‘ठेवण्यात यावेत’, ‘पाळण्यात यावा’ या क्रियापदांबद्दल जास्त आहे. झाकण कुणी ठेवायचं, हेच त्यातून कळत नाही. कार्यालयाच्या टिपणीत ते चालतं, पण मोरीत उभ्या असलेल्या बाईला कुणीतरी ‘घासा’ असं सांगावं लागतं.

तेच वाक्य मी रेडिओसाठी असं लिहीन:

‘पिंप शेवटचं कधी घासलंत? डेंग्यूचा डास आपल्या घरातल्या चांगल्या पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून दर रविवारी पिंप रिकामं करा, आतून घासा, कोरडं करा, मग भरा. आणि झाकण लावायला विसरू नका.’

सावकाश वाचलं तरी वीस सेकंदांत बसतं. यातला ‘घासा’ हा शब्द मूळ पत्रकात नव्हताच आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथंच राहतात, कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. ‘कोरडा दिवस’ एवढ्या दोन शब्दांत हे कुणाला कळणार?

मात्र माझा हा मजकूरही सगळीकडे जसाच्या तसा चालणार नाही. जिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं ‘पिंप रिकामं करा’ म्हटलं तर ऐकणारीला राग येईल आणि तो बरोबर असेल. तिला ‘पाणी यायच्या दिवशी, भरायच्या आधी घासा, तोवर तोंडाला कापड घट्ट बांधा’ असं सांगावं लागेल. विदर्भात पिंपाआधी कूलर म्हणायला हवं, कारण उन्हाळा सरला तरी त्याच्या टाकीत पाणी तसंच असतं. कुठं रांजण, कुठं सिमेंटचा हौद. सोपं लिहायचं म्हणून ‘ए बाई, उठ, पिंप घास’ असली दमदाटीही नको. घरातलं मोठं माणूस सांगतं तसं ‘घासा, झाकण लावा’ पुरे.

माझी विनंती एवढीच आहे. इंग्रजी किंवा हिंदी मसुदा भाषांतराला धाडण्याऐवजी काय करायचं ते आधी मराठीतच लिहून घ्या. भांड्यांची नावं त्या त्या जिल्ह्यातल्या आशाताईंना विचारा. त्या घराघरांत जातात. छापण्याआधी पाच जणींना मजकूर एकदाच वाचून दाखवा आणि ‘आता तुम्ही घरी जाऊन काय कराल?’ असं विचारा. पाचपैकी दोघीजणी जरी अंगण झाडायला निघाल्या, तरी मजकूर पुन्हा लिहायला हवा.

१६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन असतो. त्या दिवसाच्या जाहिराती अशा तपासून निघाव्यात. काकूंच्या पिंपाला आता झाकण आहे. पत्रक वाचून नव्हे, मोरीत उभं राहून बोलल्यावर त्यांनी ते आणलं.

आपली,
एक जाहिरात-लेखिका