ट्रान्स फॅट संपृक्त नव्हे!

महोदय,

आपल्या शिक्षण पुरवणीतील पोषणशास्त्राच्या सराव प्रश्नमालेत ‘पुढीलपैकी संपृक्त मेद कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर ‘ट्रान्स फॅट’ असे छापले आहे. हे उत्तर चुकीचे आहे. ही चूक पाठ्यपुस्तकांबाहेरच्या नोट्समध्ये इतकी रुळली आहे की विद्यार्थी ती बेधडक लिहितात.

अठरा कार्बनांची तीन मेदाम्ले घ्या. स्टिअरिक आम्लात एकही दुहेरी बंध नाही, म्हणून ते संपृक्त. ते साधारण ६९ अंश सेल्सिअसला वितळते. ऑलिइक आम्लात नवव्या कार्बनपाशी एक दुहेरी बंध असतो आणि तो सिस रचनेचा असल्याने साखळी तिथे वाकते. वाकलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून बसू शकत नाहीत, त्यामुळे ते १३-१४ अंशांनाच पातळ होते. इलेडिक आम्लात बंध त्याच जागी आहे, फक्त ट्रान्स रचनेचा. साखळी जवळपास सरळ राहते आणि वितळणबिंदू ४४ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने ट्रान्स मेदाम्ल असंपृक्तच, वागणूक मात्र घट्ट मेदासारखी. शरीरात तर ते संपृक्ताहून वाईट ठरते. दोन्ही एलडीएल वाढवतात, पण ट्रान्स मेद हितकर मानले जाणारे एचडीएलही कमी करतो. (एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ताटातले कोलेस्टेरॉल नव्हे. उत्तरपत्रिकांत हा घोळही नेहमीचाच.)

तेलाच्या हायड्रोजनीकरणात निकेल या उत्प्रेरकावर दुहेरी बंध क्षणभर सुटतो. त्याला हायड्रोजन पुरता मिळाला तर तो संपृक्त होतो. अर्धवट मिळाला तर बंध पुन्हा जुळतो आणि बऱ्याचदा अधिक स्थिर अशा ट्रान्स रूपात जुळतो. म्हणून दोष अर्धवट हायड्रोजनीकरणाचा आहे. ट्रान्स मेदासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १ टक्क्याहून कमी अशी आहे. २००० कॅलरींच्या आहारात हे २० कॅलरी, म्हणजे जेमतेम सव्वादोन ग्रॅम होते.

त्याच प्रश्नमालेत ओमेगा थ्रीमधला आकडा, म्हणजे पहिला दुहेरी बंध कितव्या कार्बनपाशी आहे ते, समजावताना उदाहरण ऑलिइक आम्लाचे दिले आहे, आणि तिथे मला हसू आले. अठरा कार्बनांच्या बरोबर मधोमध बंध असल्याने कोणत्याही टोकाकडून मोजा, उत्तर नऊच येते. चुकीच्या टोकाकडून मोजणारा विद्यार्थी त्यात सापडणारच नाही. अल्फा लिनोलेनिक आम्ल दिले असते तर आम्लगटाकडून ९, १२, १५ आणि साखळीच्या दुसऱ्या, म्हणजे मिथिल टोकाकडून ३, ६, ९ असे निघाले असते, आणि ओमेगा मिथिल टोकाकडून मोजतात हे तपासता आले असते.

दुरुस्ती छापताना मूळ प्रश्नाऐवजी एवढेच विचारावे: एखाद्या तेलाचे पूर्ण हायड्रोजनीकरण झाले, तर त्यात ट्रान्स मेद किती उरेल आणि संपृक्त मेदाचे काय होईल?

आपली,
पोषणशास्त्राची एक शिक्षिका