रनिंग शूज बॅडमिंटनचे म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या प्रतिनिधीने आज बोलणं अर्धवट सोडून फोन ठेवला, म्हणून लिहितो आहे.

तुमच्या साइटवरच्या ‘बॅडमिंटन’ विभागातून मुलीसाठी शूज मागवले. घरी आले ते रनिंग शूज. टाचेखाली जाड मऊ फोम, पंजापेक्षा टाच बरीच उंच, वर नुसती जाळी. सरळ पुढे धावणाऱ्याला ही गादी उपयोगी पडते. बॅडमिंटनमध्ये बाजूला झेपावून एका पायावर थांबायचं असतं. तेव्हा वजन बुटाच्या बाहेरच्या कडेवर येतं, उंच फोम तिथेच दबतो आणि पाय कलंडतो. माझ्या मुलीचं तेच झालं. बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात डोक्यावरून शटल मारून ती डाव्या पायावर उतरली आणि घोटा मुरगळला. तिचं खेळणं बंद आहे.

हे सगळं मी फोनवर शांतपणे सांगितलं. उत्तर आलं, “सर, सोल नॉन-मार्किंग आहे, म्हणजे कोर्ट शूजच.” मी म्हटलं, नॉन-मार्किंग म्हणजे लाकडी फ्लोअरवर डाग पडत नाहीत, इतकंच. त्यावरून पकड कळत नाही आणि बाजूचा आधार तर नाहीच. सोल गम रबरचा आहे का, एवढं तरी सांगा. मला होल्डवर ठेवलं. बऱ्याच वेळाने उत्तर: “सर, रबरचाच आहे.” कुठलं रबर, असं पुन्हा विचारलं, तर म्हणाले, “मुलीला जरा सावकाश खेळायला सांगा.” घोटा सुजलेल्या मुलीच्या बापाला हे ऐकवलं! वर, वापरलेले शूज परत घेत नाही, असं सांगून फोन बंद.

वापरल्याशिवाय पाय कलंडतो हे कळणार कसं?

आमच्या हॉलमधल्या कोचनी तुमचा बूट आणि एक खरा कोर्ट शू शेजारी ठेवून फरक दाखवला. त्याचा सोल पातळ, नखाने दाबला जाईल असा चिकट गम रबरचा. टाच जमिनीलगत, पंजाची बाहेरची बाजू रुंद केलेली. मधोमध धरून पिळला तरी सहज वळत नाही. तुमच्या बुटाचं रबर कडक, पॉलिशवर सरकणारं. बूट तुम्हीच बनवता, म्हणजे हा फरक तुम्हाला ठाऊक आहे. तरी रनिंग शूज बॅडमिंटनचे म्हणून विकलेत.

आमच्या घरात वर्षानुवर्षं तुमचेच बूट येत होते, याचं जास्त वाईट वाटतं.

पूर्ण पैसे परत करा आणि हे मॉडेल ‘बॅडमिंटन’ विभागातून काढा. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, बुटांचे फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

एक ग्राहक, पुणे