राजा अखेर मेला

प्रिय मन्या,

आपल्या गोष्टीतला राजा अखेर मेला. विषाने नाही, साध्या तापाने. तू चिडशील, पण तुझ्या त्या विषाच्या अंगठीवरून आपण एकदा महिनाभर अबोला धरला होता, आता पुन्हा नको. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो.

खरी गोम त्याच्या मरणात नाही, कायद्यात आहे. आपला जुना कायदा आठव: 'गादी रक्ताने सर्वांत जवळच्या पुरुषाकडे जाईल.' राजाला मुलगा नाही. वारलेल्या मुलीचा सात वर्षांचा मुलगा आहे, आणि राजाचा धाकटा भाऊ आहे. आता पायऱ्या मोज. राजापासून मुलगी, तिथून नातू: दोन. राजापासून बाप, तिथून भाऊ: पुन्हा दोनच! दोघेही प्रामाणिकपणे बरोबर. खलनायक लागलाच नाही.

स्कॉटलंडमध्ये १२९० साली गादीची वारस असलेली मुलगी वारली, तेव्हा असाच पेच पडला होता. राजघराण्यातल्या जुन्या पिढीतल्या तीन बहिणींचे वंशज गादी मागत होते: बॅलिअल थोरल्या बहिणीचा नातू, ब्रूस मधल्या बहिणीचा मुलगा. एक म्हणे थोरली शाखा आधी, दुसरा म्हणे मी एक पिढी जवळचा. तिसरा हेस्टिंग्ज, धाकटीचा नातू. तो म्हणे जमिनीसारखे राज्याचेही तीन वाटे करा. निवाड्याला बोलावलं शेजारच्या इंग्लंडच्या राजाला. त्याने आधी आपलं अधिपत्य कबूल करून घेतलं, मग १२९२ मध्ये बॅलिअलच्या बाजूने कौल दिला.

पण माझी झोप उडवलीय ती सरदारांनी. पूर्वी आपण त्यांना नुसते स्वभाव वाटायचो: हा लोभी, तो निष्ठावान. आता मी प्रत्येकाला एकच विचारतो, तुझा किल्ला तुला कसा मिळाला? नदीकाठच्या घराण्याला तो आजीकडून आला. बाईकडून हक्क उतरत नाही असं गादीच्या वादात ठरलं, तर उद्या चुलते त्याच किल्ल्यावर दावा लावतील. म्हणजे त्यांना नातवामागे उभं राहणं भाग आहे. आणि त्या नातवाच्या बापाने यांच्या थोरल्या भावाला मारलंय! पोरगा गादीवर हवा, पण तो अज्ञान असेपर्यंत कारभार त्याच्या बापाकडे नको. झाली फाटाफूट, तीही आपल्याच गोटात. खिंडीवाल्यांनी उलट पुतणीची जमीन 'बाईला वारसा नाही' म्हणत गिळलेली. ते भावाला सोडूच शकत नाहीत, तो कितीही मूर्ख असो. (तो मूर्ख आहे. तुझ्या मेहुण्यावर बेतलाय, घरात सांगू नकोस.)

अडलंय एकाच जागी. निवाडा कोण करणार? सरदारसभेत बसलेल्या प्रत्येकाची स्वतःची जमीन त्या निकालाला टांगलेली आहे, आणि परक्या राजाला बोलवावं तर तो आधी किंमत मागणार. मला वाटतं नदीवालेच त्याला बोलावतील, बापाला कारभारापासून लांब ठेवायला. तुला पटतं का?

नवी नोकरी कशी आहे? वहिनींचं शिक्षण पुन्हा सुरू झालं ऐकून बरं वाटलं. नकाशा तुझ्याकडेच आहे, लवकर धाड. खिंड नदीच्या वर आहे की खाली, तेच आठवत नाहीये.

तुझा,
बाळ्या