कंडक्टरच्या वहीतली पाच रुपयांची तूट

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी

स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपण छापलेली निवृत्त एसटी कंडक्टरची कथा वाचली. मी आगाराच्या हिशेब शाखेत कारकून होतो आणि नोकरीची बहुतेक वर्षं कंडक्टर लोकांची वेबिलं, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या हिशेबाचे कागद, तपासण्यात गेली. त्यामुळे या कथेवर चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कथेतले अण्णा सातारा-म्हसवड गाडीवर होते. साठी उलटल्यावर ते दोनशेपानी वहीत आपलं पहिलं पुस्तक लिहितात आणि जुन्या दोस्तांना घराच्या ओसरीवर बोलावून वाचून दाखवतात. ऐकायला त्यांचा ड्रायव्हर, स्टँडवरचे कंट्रोलर आणि वर्कशॉपमधला एक मेकॅनिक. पुस्तकाची मांडणी मला फार पटली. प्रकरणांना सन नाहीत, थांबे आहेत: कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड. पुसेगावच्या प्रकरणात सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या तीन-चार वर्षांच्या गर्द्या एकात एक मिसळल्यात. कंट्रोलर साल विचारतात, तर अण्णांना सांगता येत नाही, पण कुठल्या वळणावर गाडी बंद पडली ते बिनचूक सांगतात. हे खरं आहे. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं आणि कंडक्टरचं डोकंही वर्षानुवर्षं त्याच हिशेबाने भरत जातं. त्याला दिवाळी आठवणार नाही, पण कुठल्या टप्प्यावर टपावर किती बोचकी होती ते आठवेल.

आता मुद्द्याचं. कथेचा जीव आहे तो म्हातारीचा प्रसंग. अण्णा वाचतात: गोंदवल्याला निघालेल्या एका म्हातारीकडे पैसे नव्हते, म्हणून मी तिला तशीच नेली. ड्रायव्हर लगेच अडवतो, "तशीच म्हंजी? मग तिचं तिकीट कुणी भरलं रं?" अण्णा गप्प. मग पेन काढून ते ओळ खोडतात आणि लिहितात की तिकीट फाडलं आणि पैसे आपल्या खिशातले धरले. कंट्रोलर मान डोलावतात, वाचन पुढे सुरू.

बाहेरच्या वाचकाला हा साधा विनोद वाटेल, म्हणून थोडं खुलासेवार लिहितो. तिकिटांचा ट्रे आणि भोक पाडायचा पंच वापरायच्या काळात ड्यूटी सुरू करताना कंडक्टर प्रत्येक दराच्या गठ्ठ्याचा पहिला नंबर वेबिलात लिहायचा. वाटेत टप्प्याटप्प्याला चालू नंबर टिपायचा आणि शेवटी अखेरचा नंबर. मधला फरक गुणिले दर, तेवढी रक्कम कॅश रूममध्ये भरायची. समजा, पाच रुपयांचा गठ्ठा ३४० नंबरला उघडला आणि ४१२ ला बंद झाला, तर ७२ तिकिटं गेली, म्हणजे ३६० रुपये. ते ३६० कुणाच्या खिशातून आले, हे वेबिल विचारत नाही. म्हातारीला बिनतिकिटाची नेली असती आणि तपासनीस चढले असते, तर तिच्याबरोबर कंडक्टरवरही केस. तिकीट फाडून पदरचे पाच रुपये धरले, तर कागदावर ती इतरांसारखीच एक प्रवासी. माझ्या टेबलावर ते वेबिल आलं असतं तर मी टिक मारून पुढच्याला हात घातला असता. अशी किती वेबिलं माझ्या हाताखालून गेली असतील, कुणास ठाऊक. हा प्रसंग कुठल्याच दप्तरात सापडणार नव्हता, तो अण्णांच्या वहीतच सापडायचा होता.

इथे लेखकाने एक खरी नाट्यमय गोष्ट हातची घालवली असं मला वाटतं. कंडक्टरला ड्यूटीवर निघताना स्वतःजवळची खासगी रोकडही नोंदवावी लागते. समजा, अण्णांनी वीस रुपये नोंदवलेत. तिकिटं गेली ३६० रुपयांची, पण म्हातारीचे पाच आलेच नाहीत, म्हणजे प्रवाशांकडून जमले ३५५. बॅगेत एकूण ३७५. तपासनिसाने वाटेत बॅग मोजली तर हिशेबाने ३८० हवेत. पाच कमी! आगारात पोचल्यावर अण्णा ३६० भरतील, पंधरा घेऊन घरी जातील आणि सगळं जुळेल. पण तोवर, वाटेत, त्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून बॅगेत पाच रुपयांची तूट असते. तेवढ्यात तपासनीस चढले असते तर अण्णांनी काय सांगितलं असतं? म्हातारीचं नाव घेतलं असतं, की "सुट्ट्यांत गेले असतील साहेब" म्हणून विषय संपवला असता? माझ्या माहितीतले बहुतेक कंडक्टर सुट्ट्यांचंच कारण सांगून मोकळे झाले असते. तूट म्हटली की ती भरून टाकायची, बोलणी खायची, सुटायचं. खरी भीती जादा पैशांची. बॅगेत पाच जास्त निघाले तर कुणाकडून तरी पैसे घेऊन तिकीट दिलेलं नाही, असा सरळ संशय. लेखकाने हा तपासनीस ओसरीवरच्या चौघांत बसवला असता तर वाचनाला वेगळीच धार आली असती.

कथेबरोबरच्या चित्राविषयीही लिहायलाच हवं. म्हातारीचा प्रसंग नव्वदच्या दशकातला आहे आणि चित्रातल्या अण्णांच्या गळ्यात तिकिटाचं मशीन! मशीन पुष्कळ नंतर आलं. त्या वेळी काखेत चामडी बॅग, हातात पत्र्याचा ट्रे, त्यात दरानुसार रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि बोटात पंच. भाडं सतरा रुपये असेल तर दहाचं, पाचचं आणि दोनचं अशी तीन तिकिटं फाडून एकत्र पंच मारायची. माणूस दाराशी लोंबकळत असताना एका हाताने हे करणं म्हणजे कसरतच. रिकाम्या हाताने सीटच्या दांडीवर पंच टिकटिकवत पुढे सरकायची सवय मात्र लेखकाने छान टिपली आहे. अण्णा वहीचं पान उलटताना पेनने पाटावर तसंच टिकटिक करतात आणि मेकॅनिक हसतो. ते वाचून मीही हसलो.

शेवट मला पटला नाही. चौघांचे डोळे पाणावतात, टाळ्या वाजतात, ड्रायव्हर मिठी मारतो. एसटीतले म्हातारे असे नसतात हो. घाटात वायपर बंद पडल्यावर काच कुणी पुसली, यावरून ड्रायव्हर आणि अण्णांची जुंपते, तो भाग मधेच येऊन जातो. कथा तिथेच थांबली असती तर जास्त खरी वाटली असती. अण्णा म्हणतात, मी पुसली. ड्रायव्हर म्हणतो, मी पुसली, तू मागं झोपला होतास. वहीत अण्णांचं नाव आहे. आता ते बदलायचं की नाही, हे लेखकाने सांगितलेलंच नाही. त्यांनी या पानावरून तेवढं कळवलं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त एसटी कारकून,
जिल्हा सातारा