मुक्ता, त्या ईमेलमध्ये एक प्रश्न हवा

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

प्राध्यापकांना पाठवायच्या ईमेलचा तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, चूक कुठे नाही. तरी तो आहे तसा पाठवू नकोस. ‘तुमच्या संशोधनाने मी प्रभावित झाले आहे. प्रवेशाची शक्यता आणि रिसर्च फिट यांविषयी बोलण्यासाठी वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल मिळेल का?’ हे तुझे मुख्य वाक्य. त्यातले प्राध्यापकांचे नाव पुसून दुसऱ्या कुणाचे घाल. पत्र जसेच्या तसे चालते. माझ्याकडे पीएच.डी.साठी अशी पत्रे वर्षानुवर्षे येत आली आहेत आणि प्रत्येक पत्र मी याच कसोटीवर वाचते. नाव बदलूनही जे चालते, ते मला लिहिलेलेच नसते. अशा पत्राला उत्तर द्यायचे म्हटले तरी कशाचे द्यायचे ते कळत नाही.

आधी प्रवेशाचे बोलू, कारण मसुद्यात तू तोच शब्द पहिल्यांदा वापरला आहेस. अमेरिकेत पीएच.डी.चा प्रवेश विभागाची समिती देते. अर्ज, शिफारसपत्रे, गुणपत्रिका हे सगळे तिच्यापुढे जाते. एखादे प्राध्यापक ‘ही विद्यार्थिनी मला हवी आहे, तिचा खर्च माझ्या प्रकल्पातून होईल’ असे म्हणाले, तर तुझ्या शाखेत त्याला मोठे वजन असते. पण कॉलवर ते प्रवेशाचे वचन देऊ शकत नाहीत. म्हणून ‘मला प्रवेश मिळेल का’ या प्रश्नाने ते अवघडतात आणि बरेच जण विभागाच्या पानाची लिंक पाठवून मोकळे होतात. ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात चित्र निराळे असते. तिथे बहुतेक ठिकाणी आधी गाईड शोधायचा आणि मग अर्ज करायचा. जर्मनीत तर पुष्कळदा पीएच.डी. ही पगारी जागाच असते, जाहिरात निघते, आणि तिथला कॉल म्हणजे जवळजवळ मुलाखत. तू दोन देशांत अर्ज करणार आहेस ना, मग एकच मसुदा दोन्हीकडे पाठवू नकोस.

तुझ्या या प्राध्यापकांना विचारण्यासारखे, आणि फक्त त्यांनाच सांगता येईल असे, एवढेच आहे: पुढच्या फॉलसाठी, म्हणजे तिकडच्या शरदातल्या सत्रासाठी, ते नवा विद्यार्थी घेणार आहेत का? हे कॉलसाठी राखून ठेवू नकोस, पत्रातच विचार. ‘नाही’ असेल तर ते एका ओळीत कळवतील. तुझी अर्जाची फी वाचेल, त्यांचा वेळ वाचेल. कॉल ‘हो’ किंवा ‘बहुतेक’ या उत्तरानंतरचा.

याचा अंदाज विचारण्याआधीही थोडा बांधता येतो. अमेरिकेच्या एनएसएफने मंजूर केलेले प्रकल्प त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतात. प्राध्यापकांचे नाव घातले की प्रकल्पाचा सारांश, सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख दिसते. यंदाच सुरू झालेला प्रकल्प असेल तर तिथे माणसे लागणार. आठ महिन्यांत संपणारा एकच दिसला तर सावध राहा. एनएसएफखेरीज इतरही संस्था पैसे देतात, त्यामुळे तिथे काही सापडले नाही म्हणून आशा सोडू नकोस. त्यांच्या गेल्या तीन वर्षांच्या पेपरांत पहिले नाव कुणाचे आहे तेही बघ. विद्यार्थ्यांची नावे असतील तर तो चालता ग्रुप आहे.

आता रिसर्च फिट. यावर मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तुझ्या हातात खरोखर चांगली गोष्ट आहे आणि ती तू मसुद्यात एका ओळीत, ‘मला भूजल व दूरसंवेदनाची आवड आहे’, अशी गुंडाळून टाकलीस.

तुझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात काय झाले ते आठव. पावसाळ्याआधीपेक्षा नंतर तुझ्या खोऱ्यातल्या विहिरींची पातळी सरासरी ४ मीटर वर आली. कठीण खडकासाठी तू स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकातून निथळू शकणाऱ्या पाण्याचा वाटा, २ टक्के धरलेस, म्हणजे साठ्यात वाढ झाली ८ सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून पाण्याच्या एकूण साठ्यातला बदल मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या आकड्यांतून मातीतला ओलावा आणि पृष्ठभागावरचे पाणी वजा केल्यावर मात्र तुझ्याकडे १३ सेंटिमीटर उरले. पाच सेंटिमीटरचा फरक तू प्रबंधात ‘अनिश्चितता’ म्हणून एका परिच्छेदात संपवलास. मला तेव्हाही ते पटले नव्हते. स्पेसिफिक यील्ड ३ टक्के धरले तर विहिरींचाच हिशोब १२ वर जातो, म्हणजे जवळजवळ सगळा फरक एका गृहीतकात मावतो. शिवाय हा आकडा खडकात सगळीकडे सारखा नसतो. वरच्या झिजलेल्या थरात तो जास्त असतो आणि खाली भेगाळ खडकात घटत जातो. पण दुसरीही शक्यता आहे. ग्रेसला सुमारे ३०० किलोमीटरपेक्षा बारीक काही नीट दिसत नाही, तुझे खोरे त्याहून लहान, तेव्हा शेजारच्या प्रदेशातले पाणी तुझ्या आकड्यात मिसळलेले असू शकते.

या दोन कारणांतले कोणते खरे, हे कसे वेगळे करायचे? ज्यांना लिहिते आहेस ते प्राध्यापक ग्रेसचे आकडे विहिरींच्या मदतीने बारीक प्रमाणावर उतरवतात, आणि तू पाठवलेल्या त्यांच्या पेपरात सगळे काम गाळाच्या प्रदेशावर आहे, जिथे स्पेसिफिक यील्ड एकच धरले तरी बरेच निभावते. त्यांची पद्धत खडकात नेली तर नेमके काय मोडेल, हा तुझा प्रश्न आहे. तो त्यांच्या कामाच्या काठावरचा आहे आणि तुझ्या कामातून निघालेला आहे. फिट म्हणतात ते हेच. सारखी आवड असण्याला फारसा अर्थ नाही. तुझ्या अडलेल्या जागेला त्यांची पद्धत लागते आणि त्यांच्या पद्धतीला तुझी जागा नवी आहे, असा तो सांधा असतो.

मी पत्र असे लिहिले असते. मराठीत देते, इंग्रजी तुझे तू कर, माझी वाक्ये उचलू नकोस.

‘विषय: पुढच्या फॉलसाठी पीएच.डी. – खडकाळ प्रदेशात ग्रेस – १५ मिनिटांच्या कॉलची विनंती

प्रा. (आडनाव) यांस,

पुढच्या फॉलसाठी आपण नवा पीएच.डी. विद्यार्थी घेणार आहात का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी एका कठीण खडकाच्या खोऱ्यात विहिरी आणि ग्रेस यांवरून भूजलसाठ्यातील हंगामी वाढ काढली. विहिरींवरून ८ सेंटिमीटर आली, ग्रेसवरून १३. हा फरक स्पेसिफिक यील्डच्या गृहीतकाचा की शेजारच्या प्रदेशातून मिसळलेल्या संकेताचा, हे मला वेगळे करता आले नाही. आपल्या पेपरातील पद्धतीत स्पेसिफिक यील्ड स्थिर आहे. ते खोलीनुसार बदलते ठेवून ती पद्धत वापरता येईल का, आणि असे काम आपल्या ग्रुपच्या पुढच्या दिशेत बसते का, हे समजून घ्यायचे आहे.

आपण विद्यार्थी घेणार असाल तर १५ मिनिटांचा कॉल शक्य आहे का? आपल्या वेळेनुसार मंगळवार ते गुरुवार, सकाळी ८.३० ते १०.३० मी मोकळी आहे. कॉल सोयीचा नसेल तर दोन ओळींचे उत्तरही मला पुरेसे होईल. सोबत दोन पानांचा सीव्ही आणि तो आलेख एका पानावर जोडला आहे.’

बस, एवढेच. शिफारसपत्रे, गुणपत्रिका, लहानपणापासूनची आवड, काही नको. सीव्ही पीडीएफमध्ये, फाइलच्या नावात तुझे आडनाव. पेपरातला मजकूर चिकटवलास तर अक्षरांचा आकार बदलतो आणि ते लगेच दिसते, म्हणून सगळे साध्या मजकुरात टाइप कर. एकाच विभागातल्या तिघांना एकाच दिवशी लिहू नकोस. ती माणसे एकमेकांशी बोलतात.

वेळ त्यांच्या घड्याळाने दे आणि ती दोनदा तपास. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे ८.३० म्हणजे उन्हाळी वेळेत आपले संध्याकाळचे ६. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि तेच ८.३० आपले ७ होतात. ऑक्टोबरअखेर ठरलेला आणि नोव्हेंबरात होणारा कॉल इथेच चुकतो. एका मुलाची मी अशी अर्धा तास वाट पाहिली आहे. तो माझ्यानंतर तासाभराने आला, तेव्हा मी वर्गावर होते.

उत्तर आले नाही तर दहा-बारा दिवसांनी त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण लिही. त्यानंतर नाही. पुष्कळ विभागांची अर्जाची मुदत डिसेंबरात असते, तेव्हा पहिले पत्र सप्टेंबरअखेर गेलेले बरे. मौनाचा अर्थ तू पडताळू शकत नाहीस, म्हणून तो लावत बसू नकोस. विभाग तुझ्या कामाचा असेल तर अर्ज कर. ‘तुमचे काम रोचक आहे, जरूर अर्ज करा’ एवढेच उत्तर आले, तर ते सौजन्य समज. त्यांनी तुझ्या पाच सेंटिमीटरांबद्दल उलट प्रश्न विचारला, तर त्यांनी पत्र खरेच वाचले आहे.

कॉल ठरला तर पहिल्या दोन मिनिटांत तो आलेख दाखव आणि थांब. त्यांना बोलू दे. शेवटी दोन गोष्टी न लाजता विचार: हे काम कोणत्या निधीतून होईल आणि तो किती वर्षे आहे. प्रकल्पाचा निधी बहुधा तीनेक वर्षांचा असतो आणि पीएच.डी. पाचाच्या आसपास जाते. मधली वर्षे अध्यापन साहाय्यातून भागतात की नव्या प्रकल्पाच्या भरवशावर राहतात, हे तुला आधी कळायला हवे. आणि सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशी एकटीने बोलता येईल का, हे विचार. ज्यांचा ग्रुप नीट चालतो, ते लगेच दोन नावे देतात.

आलेखावर एकक लिहायचे राहिले आहे, ते घाल. स्पेसिफिक यील्ड १, २ आणि ३ टक्के धरून तीन रेषा काढ, ग्रेसची चौथी. नवा मसुदा आणि तो आलेख रविवारपर्यंत पाठव, मी सोमवारी सकाळी वाचीन.

तुझी,
आई