पार्किंगमधील कॉलम सी-७ : प्लास्टर नको, रीतसर दुरुस्ती हवी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : स्टिल्ट पार्किंगमधील कॉलम सी-७ च्या पायथ्याशी असलेले हनीकोंबिंग व उघड्या पडलेल्या सळ्या यांची दुरुस्ती

महोदय,

या कॉलमसाठी आलेल्या अंदाजपत्रकात कामाचे वर्णन एका ओळीत आहे : ‘हनीकोंबिंग भरून प्लास्टर करणे’. या ओळीवर काम दिले, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथे चिरा आणि गंजाचे तांबूस ओघळ दिसू लागण्याची भीती आहे. म्हणून वर्क ऑर्डर निघण्यापूर्वी पुढील गोष्टी त्यात लिहून घ्याव्यात, ही विनंती.

कॉलमची मापे २३० बाय ६०० मिमी आहेत. ६०० मिमीच्या बाजूवर, जमिनीलगत, सुमारे २०० मिमी रुंद आणि ३५० मिमी उंच भागात खडी मोकळी दिसते आणि खडीमध्ये सिमेंटचा गाराच नाही. हेच हनीकोंबिंग. एक कोपऱ्याची आणि तिच्या शेजारची अशा १६ मिमीच्या दोन सळ्या व ८ मिमीच्या रिंगा दिसतात. हे गेल्या काही वर्षांत झालेले नाही, कॉलम भरतानाच झालेले आहे. काँक्रीट उंचावरून टाकले की खडी आधी खाली जाते, स्टार्टरपाशी, म्हणजे कॉलमच्या तळाशी आधी भरलेल्या छोट्या भागापाशी, शटरिंगला फट असेल तर गारा तिथून वाहून जातो आणि व्हायब्रेटरची सुई तळापर्यंत पोचली नाही की पोकळ्या तशाच राहतात. इथे सळ्यांचा पिंजराही शटरिंगकडे सरकलेला आहे. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे अशा कॉलमला ४० मिमी कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, हवे, प्रत्यक्षात रिंगेवर १५ मिमीच आहे. गाड्या धुतल्याचे पाणी याच पायथ्याशी साचते, त्यामुळे गंज इथूनच सुरू झाला.

दिसतो तेवढाच भाग खराब आहे, असे धरून चालता येणार नाही. हातोडीने ठोकून पोकळ आवाजाची हद्द खडूने आखावी आणि मागची बाजूही ठोकून पाहावी, कारण कॉलम २३० मिमीच जाड आहे. मागेही आवाज पोकळ आला, तर अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी चाचणी करून घ्यावी. काँक्रीटमधून ध्वनिलहरी जाण्याचा वेग सेकंदाला ३ किमीपेक्षा कमी आला, तर त्या काँक्रीटचा दर्जा संशयास्पद मानतात. पोकळी आरपार असेल तर हे पत्र तिथे लागू नाही. मग शटरिंग लावून मायक्रो-काँक्रीट आणि ग्राउटिंग हाच मार्ग, आणि तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यावा.

फोडण्याआधी शेजारच्या बीमखाली, कॉलमच्या दोन्ही अंगांना लोखंडी जॅक लावून कसावेत. खर्च वाचवायला ठेकेदार हेच पहिले गाळतात. हिशेब असा आहे. खराब काँक्रीट काढत गेल्यावर खळगा साधारण ३०० मिमी रुंद, ५०० मिमी उंच आणि ६० मिमी खोल होईल. म्हणजे त्या पातळीवर कॉलमच्या छेदाचा सुमारे १३ टक्के भाग काही दिवस नसेल. त्याहून मोठी काळजी सळ्यांची आहे. भोवतालचे काँक्रीट गेले की उभ्या सळईला बाहेर वाकण्यापासून फक्त रिंगा अडवतात. २३० मिमीच्या कॉलमला रिंगांचे अंतर जास्तीत जास्त २३० मिमी असू शकते. मधली एक रिंग गंजून तुटलेली असेल, तर सळईची मोकळी लांबी ४६० मिमी होते. त्यामुळे तुटलेली रिंग दिसली की फोडणे तिथेच थांबवून इंजिनिअरला बोलवावे.

जॅकचा आणखी एक उपयोग आहे. नवा माल भरला म्हणून आधीचा भार आपोआप त्याच्यावर येत नाही. तो भार उरलेल्या काँक्रीटने आणि सळ्यांनी केव्हाच उचललेला असतो. जॅक कसून थोडा भार आधी कमी केला आणि माल पक्का झाल्यावर तो हळूहळू सोडला, तरच पॅचला त्यातला वाटा मिळतो. जॅक किती कसायचे आणि कधी सोडायचे हे इंजिनिअर ठरवेल. सात दिवसांच्या आत ते सोडू नयेत.

आता फोडण्याची पद्धत. आखलेल्या भागाबाहेर चौकोन काढून ग्राइंडरने १० मिमी खोल काप घ्यावा. रिंग १५ मिमीवर आहे, त्यामुळे काप याहून खोल गेला तर रिंगच कापली जाईल. काप घेण्याआधी रिबार लोकेटर फिरवून सळ्यांच्या जागा आखाव्यात. या कापामुळे पॅचची कड काटकोनात राहते. कड निमुळती ठेवली, की शेवटचे दोन-तीन मिलिमीटर माल भाजल्यासारखा सुकतो आणि तिथूनच सुटायला लागतो. आत मोठा ब्रेकर चालवू नये. हलका चिपिंग हॅमर आणि छिन्नी पुरेशी आहे, मोठ्या धक्क्याने चांगल्या काँक्रीटमध्येही बारीक तडे जातात. सळईच्या मागे किमान २० मिमी जागा मोकळी व्हायला हवी. वरच्या ६० मिमी खोलीचा हिशेब यातूनच येतो : १५ मिमी कव्हर, ८ ची रिंग, १६ ची सळई आणि मागे २०, मिळून ५९. सळईच्या पुढचेच काँक्रीट काढले आणि मागचे ठेवले, तर सळईच्या पाठीवर गंज तसाच राहतो आणि माल तिच्या भोवती फिरत नाही. खळग्यात फेनॉल्फ्थलीन शिंपडून पाहावे. गुलाबी रंग आला तर सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटमधला अल्कलीपणा शाबूत आहे. रंग आला नाही तर ते कार्बोनेट झालेले आहे, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो अल्कलीपणा गेलेला आहे, आणि सळईभोवती अजून थोडे काढावे लागेल.

सळ्या तारेच्या ब्रशने, मागच्या बाजूनेही, खवले जाईपर्यंत घासाव्यात आणि व्हर्नियरने व्यास मोजावा. १६ ऐवजी १४ मिमी भरला, तर छेद जवळपास चौथ्या हिश्शाने कमी झालेला असतो. तिथे जोडीची सळई लागते आणि ती किती लांबीची, हे इंजिनिअर सांगेल. नुसता रंग लावून ती झाकू नये. गंजरोधक लेप म्हणून इथे सिमेंट-पॉलिमर जातीचा, दोन हातांचा लेप घ्यावा असे आमचे मत आहे. झिंक इपॉक्सी प्रायमर चांगला असतो, पण त्याला चकचकीत लोखंड लागते, आणि अशा अरुंद खळग्यात ब्रश फिरवताना तो काँक्रीटवरही लागतो. काँक्रीटवर तो सुकला, की त्या जागी माल धरत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती जुने काँक्रीट आणि नवा माल जोडणाऱ्या बाँडिंग एजंटच्या वेळेत. कॉलमचा पायथा दमट असल्याने इथे इपॉक्सी बाँडिंग एजंट सोयीचा नाही, त्याला कोरडा पृष्ठभाग हवा असतो. एसबीआर लॅटेक्स, म्हणजे कृत्रिम रबराचे दुधासारखे पातळ मिश्रण, योग्य ठरेल. आदल्या संध्याकाळपासून खळग्यावर पाणी मारत राहावे आणि काम सुरू करताना साचलेले पाणी स्पंजने टिपून घ्यावे. काँक्रीट गडद आणि ओलसर दिसले पाहिजे, पण पाण्याची चमक नको. मग एक भाग एसबीआर, एक भाग पाणी आणि साधारण तीन भाग सिमेंट अशी मलईसारखी दाट स्लरी करून ताठ ब्रशने काँक्रीटमध्ये घासून बसवावी, सळईच्या मागेही. कंपनीच्या डब्यावर वेगळे प्रमाण असेल तर तेच पाळावे. खळग्याच्या तळाचे आणि कडांचे क्षेत्रफळ मिळून पाव चौरस मीटरच भरते, त्यामुळे एक लहान मग स्लरी पुष्कळ झाली.

ही स्लरी बोटाला चिकट लागते तोवरच मालाचा पहिला थर बसला पाहिजे. उन्हाळ्यात हा अवधी दहा-पंधरा मिनिटांचा असतो. नेहमी असे होते की सकाळी स्लरी मारली जाते आणि चहा घेऊन आल्यावर माल कालवला जातो. तोवर स्लरीवर लॅटेक्सची सुकी पापडी तयार झालेली असते आणि जे जोडायला लावले तेच माल आणि काँक्रीट वेगळे ठेवते. स्लरी सुकली तर खरवडून काढावी आणि नवी लावावी. सुक्या स्लरीवर दुसरा हात मारून भागत नाही. म्हणून माल कालवून हाताशी आला की मगच ब्रश हातात घ्यायचा, एवढा क्रम मुकादमाला बजावून सांगावा.

माल साइटवर फावड्याने कालवलेला सिमेंट-वाळूचा नको, तयार पॉलिमर-मॉडिफाइड रिपेअर मॉर्टर घ्यावा. खळगा सुमारे ९ लिटरचा आहे आणि २५ किलोच्या पोत्यातून साधारण १३ लिटर माल होतो. एक पोते पुरते, पण दुसरे जवळ असू द्यावे. अख्खे पोते एकदम भिजवू नये, कारण थर देईपर्यंत माल कडक होतो आणि मग कामगार त्यात पुन्हा पाणी घालतात. अशा मालाची ताकद उतरते आणि तो सुकताना आकसतो. पोते कोरडेच नीट हलवून सारखे करावे आणि काट्यावर ७ किलो घ्यावे. पोत्यावर २५ किलोला साडेतीन लिटर पाणी छापले असेल, तर ७ किलोला एक लिटरच्या किंचित खाली पाणी पडते.

पहिला थर हातमोजा घालून सळईच्या मागे बोटांनी दाबून भरावा. थापीने पुढून लेपला, तर सळईमागे पोकळी राहते आणि बाहेरून ती दिसत नाही. एक थर १५ ते २० मिमीचा, म्हणजे खळगा तीन-चार थरांत भरेल. प्रत्येक थर ओरखडून ठेवावा आणि तो ताठ झाल्यावर पुढचा द्यावा. काम दुसऱ्या दिवसावर गेले तर स्लरी पुन्हा लावावी. जाड थर एकदम दिला, तर तो स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि वरच्या कडेला केसाएवढी फट पडते. पॅच जुन्या काँक्रीटच्या पातळीत आला की थांबावे. वर नुसत्या सिमेंटची घोटाई नको, तिला जाळीदार तडे जातात.

शेवटचा थर घट्ट झाल्याबरोबर त्यावर ओले गोणपाट आणि वर प्लास्टिक बांधावे. किती दिवस ओले ठेवायचे, हे पोत्यावर दिलेले असते. निदान पहिले २४ तास तरी ते सुकता कामा नये. पार्किंगमध्ये वारा सतत वाहतो आणि काठाच्या चिरा बहुधा याच दिवशी पडतात. कव्हर मुळातच कमी असल्याने पॅच वाळल्यावर संपूर्ण कॉलमला अँटी-कार्बोनेशन कोटिंग द्यावे.

वर्क ऑर्डरमध्ये तीन थांबे घालावेत : फोडून झाल्यावर, सळ्यांना लेप दिल्यावर आणि माल भरण्याच्या वेळी. प्रत्येक थांब्यावर इंजिनिअरची सही आणि मोजपट्टी लावून काढलेला फोटो असल्याशिवाय पुढचे काम नको. पोत्यांवरची उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांकही त्याच नोंदीत यावा. बिलाची शेवटची २० टक्के रक्कम सात दिवसांनी पॅच ठोकून पाहिल्यावर द्यावी. आवाज कुठेही पोकळ आला, किंवा कडेने चीर दिसली, तर तो भाग ठेकेदाराने स्वखर्चाने काढून पुन्हा भरावा, ही अट आधीच लिहून घ्यावी.

काम चालू असेपर्यंत सी-७ लगतच्या दोन जागांवरील गाड्या हलवाव्या लागतील आणि तिथे गाड्या धुणे बंद ठेवावे लागेल. तशी सूचना या आठवड्यात फलकावर लागावी.

आपले,
बी विंगमधील सभासद